मालक, जिन्याचं काय झालं?

आज दुपारी मालकांचा निरोप आला. "जिन्याचं पावसाळ्यानंतर बघू." जूनपासून हेच ऐकतोय. फोन केले, घरी जाऊन आलो, त्यांच्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. आता वाड्यातल्या चारही बिऱ्हाडांच्या सह्यांनी लेखी नोटीस निघाली, पोस्टाने, पोचपावतीसह.

वरच्या मजल्यावरच्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. त्या हल्ली जिना बसून उतरतात. एक हात कठड्याला, एक पायरीवर, साडी सावरत एकेक पायरी खाली. दुधाची पिशवी आणायला! हे बघून माझं डोकं फिरतं.

मूळ दुखणं पायऱ्यांचं नाहीच. छताची पन्हळ सांध्यात फुटली आहे आणि सगळं पाणी जिन्यावर येतं. लाकूड वरून धडधाकट दिसतं, पण मिस्त्रीने पटाशीचं टोक नुसतं टेकवलं तर ते आत गेलं. ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज. चार पायऱ्या गेल्यात. आधी पन्हळ, मग पायऱ्या. उलटं केलं तर नवीन लाकूडही कुजणार.

भाडं प्रत्येकी महिना पाचशे रुपये आहे, मान्य. त्यात मालकाचं काही भागत नाही, हेही मान्य. म्हणून काकूंनी पडायचं का?

मालक, हे तुम्ही वाचणार आहात, म्हणून स्पष्ट लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. घर दुरुस्त ठेवणं तुमचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत ते झालं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. माझे वर्षाचे ६,००० म्हणजे १,५०० रुपये. एकट्याने पन्हळही होत नाही. पण कायदा एकत्र नोटीस द्यायला परवानगी देतो. चौघांचे मिळून ६,०००. मिस्त्रीचा अंदाज ५,७००: पन्हळीचे २,२००, पायऱ्यांचे ३,५००. बसतं.

(अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनो, तुम्हाला हे कलम सरळ लागू नाही, तुमच्या करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.)

तुमच्या वडिलांच्या वेळी मे महिन्यात गडी येऊन कौलं चाळून जायचा, सांगावंही लागत नसे. काकूंना ते अजून आठवतं. त्या तुमच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, उलट मलाच म्हणतात, "जाऊ दे रे, त्यांच्या अडचणी असतील." त्यांनी म्हणावं. मी नाही म्हणणार. वाडा आपोआप पडावा म्हणून वाट बघणं ही अडचण नव्हे.

पोचपावती हातात आली की त्या तारखेपासून १५ दिवस, वर आणखी एक आठवडा मोजू. तोवर तुमचा माणूस आला तर चहा आमच्याकडे. नाही आला तर मिस्त्री काम सुरू करेल. बिलाची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो तुम्हाला पोस्टाने येतील, आणि उरलेलं भाडं दर महिन्याला वेळेवर. पावती तेवढी देत जा.