फोन थांबत नव्हते, आणि स्टेटस पेजवर सगळं हिरवं होतं

गेल्या वर्षीचा एक सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. आम्ही दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर चालवतो. एका दवाखान्यातून रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला, "ओटीपी येतच नाहीये हो, बाहेर चाळीस पेशंट बसलेत." सपोर्टच्या मुलाने आमचं स्टेटस पेज, म्हणजे कोणती सेवा चालू आणि कोणती बंद हे ग्राहकांना दाखवणारं पान, उघडलं. सगळं हिरवं. त्याने सरळ मनाने सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे सगळं नीट दिसतंय, तुमचं नेट एकदा बघा." त्या ताईंनी राउटर दोनदा बंद करून चालू केला. हे नंतर कळलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं.

आमचा एकही सर्व्हर पडला नव्हता. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे मेसेज तुंबले होते. ओटीपी बारा मिनिटांनी पोचत होता आणि त्याची मुदत होती दहा मिनिटांची. म्हणजे लॉगिन कुणालाच करता येत नव्हतं. पण आमच्या पेजवरची नावं होती सॉफ्टवेअरच्या आतल्या भागांची: एपीआय, डेटाबेस, मेसेज क्यू. त्या तिघांची तब्येत खरोखरच ठणठणीत होती, म्हणून पान हिरवं.

पानावरची नावं माणसाला काय करायचंय त्यावरून ठेवावीत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आता आमच्याकडे "लॉगिन व ओटीपी", "अपॉइंटमेंट", "फी भरणे" आणि "रिपोर्ट" अशा चारच ओळी आहेत. बाहेरच्या एका सर्व्हरवरून एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला खऱ्या सिमवर ओटीपी मागवतो आणि लॉगिन करून बघतो. लागोपाठ तीन वेळा जमलं नाही की ती ओळ आपोआप पिवळी होते आणि "तपास सुरू आहे" असं लिहून येतं. त्यासाठी कुणालाही विचारावं लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या सोमवारी आमच्या इंजिनिअरला साडेनऊलाच कारण कळलं होतं, पण पान बदललं सव्वादहाला. मधला पाऊण तास परवानगी फिरत होती. टीम लीडने मॅनेजरला विचारलं, मॅनेजरने सेल्सला. करारात सेवा बंद पडल्यास पैसे परत द्यायचं कलम आहे, म्हणून लाल रंग लावायला सगळे कचरत होते. माझं स्पष्ट मत आहे की त्या वेळी ड्युटीवर जो इंजिनिअर बसलाय, त्याच्या हातात हे बटण असलं पाहिजे. पैशांचा हिशेब महिनाअखेरीस लॉगवरून करा. तो पानाच्या रंगाला बांधलात, की रंग बदलायला कुणीच धजावत नाही.

मग एकदाचा मजकूर आला, "काही ग्राहकांना लॉगिनमध्ये अडचण येऊ शकते." काही म्हणजे कोण? आणि त्यांनी करायचं काय? खरं तर हे लिहायला हवं होतं: "नव्याने लॉगिन होत नाहीये. जे आत आहेत त्यांनी लॉगआउट करू नका. पेशंटची नोंद सध्या कागदावर घ्या. पुढची माहिती 10:45 ला." लॉगआउट करू नका हे एक वाक्य वेळेवर गेलं असतं, तर कितीतरी रिसेप्शन चालू राहिली असती. आणि 10:45 म्हटलं की 10:45 ला लिहायचंच, मग नवीन काही नसलं तरी.

आम्ही दुसऱ्या एसएमएस कंपनीवर गेलो, पाच मिनिटांत पान हिरवं केलं, आणि तिथेही चुकलो. अडकलेल्या सगळ्यांनी एकदम ओटीपी मागवले आणि ती वाटही तुंबली. आता ओळ हिरवी करण्याआधी अर्धा तास "दुरुस्ती झाली, लक्ष ठेवून आहोत" असंच ठेवतो.

पान कुठे ठेवायचं, याचा धडा ॲमेझॉनने सगळ्यांना दिलाय. 28 फेब्रुवारी 2017 ला त्यांची एस-थ्री ही फाइल साठवण्याची सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागात बंद पडली. बिलिंगची अडचण शोधताना दिलेल्या कमांडमध्ये एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 9:37 ला हे झालं. पण स्टेटस पान बदलायचं साधन स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून होतं, त्यामुळे 11:37 पर्यंत त्यांना एकाही सेवेची स्थिती बदलता आली नाही. दोन तास ट्विटर आणि पानावरची एक पट्टी यांवर काम भागवलं. नंतर त्यांनी स्वतःच हे जाहीरपणे लिहिलं आणि ते साधन अनेक भागांत पसरवलं.

म्हणून आमचं पान आता वेगळ्या कंपनीच्या होस्टिंगवर, वेगळ्या डोमेनवर आहे. ते बदलायला आमचं ऑफिसचं लॉगिनही लागत नाही. महिन्यातून एकदा आम्ही मुख्य सिस्टिमची वाट मुद्दाम बंद करतो आणि त्या दिवशी ड्युटीवर असलेल्याला सांगतो, फक्त मोबाइलवरून पान पिवळं करून दाखव. पहिल्या खेपेला एकोणीस मिनिटं लागली होती, कारण पासवर्ड ऑफिसच्याच सर्व्हरवर ठेवलेला होता.