लॉटरी, अपघात आणि ‘कुणाला तरी लागतेच ना’

“लेख वाचला. अकरावीतल्या भाच्याला तुम्ही सांगता की लॉटरी लागण्यापेक्षा त्याच दिवशी रस्त्यावर मरण्याची शक्यता जास्त. मग पोरांनी कॉलेजला जायचंच नाही का? आणि कुणाला तरी लागतेच ना! आकड्यांनी भेदरवण्यापेक्षा सरळ ‘घेऊ नको’ म्हणा, विषय संपला.”

भाऊ, ‘घेऊ नको’ म्हणून विषय संपत असता तर फार बरं झालं असतं. अकरावीतल्या पोराला ‘नको’ म्हटलं की तो आधी ‘का’ विचारतो. त्यात त्याला गणितात संचय शिकवताहेत, म्हणजे उत्तर काढायचं हत्यार त्याच्याच दप्तरात आहे.

मी त्याला ४९ पैकी ६ आकडे निवडायच्या लॉटरीचं उदाहरण दिलं होतं. कॅनडात अशी लॉटरी चालते. आपल्याकडच्या छापील तिकिटांचा हिशेब वेगळा असतो, तिथे किती तिकिटं काढली यावरच सगळं ठरतं. भाच्याने वहीत ४९ × ४८ × ४७ × ४६ × ४५ × ४४ असा गुणाकार केला आणि आकड्यांचा क्रम महत्त्वाचा नाही म्हणून ७२० ने भागलं. उत्तर आलं १,३९,८३,८१६. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एक कोटी चाळीस लाख म्हणजे किती, हे तुम्हाआम्हालाही नुसतं ऐकून कळत नाही.

तुमचं ‘कुणाला तरी लागतेच’ इथेच तपासता येतं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती. समजा, तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाने सहा-सहा तिकिटं घेतली आणि आकडे मनाला येतील तसे भरले. तिकिटं झाली साधारण एक कोटी चव्वेचाळीस लाख. एवढं करून अख्ख्या शहरात सरासरी एकाच तिकिटाला पहिलं बक्षीस लागेल. तेही नक्की नाही, कारण बरेच आकडे दोघा-तिघांनी सारखेच भरलेले असतात आणि बरेच कुणीच भरलेले नसतात. म्हणून अशा दर तीन सोडतींपैकी एकीत, किंबहुना थोड्या जास्तच वेळा, कुणालाच काही लागणार नाही. ‘कुणाला तरी’ हा प्रश्न सगळ्या शहराचा आहे, पोराचा प्रश्न ‘मला’ हा आहे. पेपरात फोटो येतो तो ज्याला लागली त्याचा. बाकीच्यांचे फोटो छापायचे म्हटले तर पेपर पुरायचा नाही.

आता अपघाताचं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. लोकसंख्या १४० कोटी धरली तर वर्षाला साधारण ८,३०० माणसांमागे एक. पण हा आकडा वर्षभराचा आहे आणि तिकीट एका सोडतीचं. ते तसेच शेजारी ठेवणं म्हणजे महिन्याचा पगार आणि रोजची मजुरी यांची तुलना. म्हणून मी ३६५ ने भागून एका दिवसावर आणलं. तीस लाखांत एक. तिकिटाचं एक कोटी चाळीस लाखांत एक, म्हणजे फरक साडेचार पट. कुठल्याही जाहिरातीत किंवा व्हॉट्सअॅपवर अशी तुलना दिसली की आधी हेच बघावं, दोन्ही आकडे सारख्याच काळाचे आहेत का.

हा आकडा सरासरी आहे, तुमच्या मुलाचा नाही. घरात बसून राहणारी आजी आणि वर्धा रोडवर रोज दुचाकीने जाणारा पोरगा यांचा धोका सारखा कसा असेल? शिवाय रस्त्यावर धोका कमी-जास्त करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. हेल्मेट आहे, वेग आहे, रात्रीची वेळ आहे. तिकिटावर वाढदिवस टाका की पंचांग बघून आकडे टाका, शक्यता तेवढीच राहते. भाच्याला मी रस्त्याची भीती घातली नाही. कॉलेजला जाताना जो धोका आपल्या मनातही येत नाही, त्याहूनही लॉटरी लागणं दुर्मिळ आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. छोट्या शक्यतेला आपण रस्त्यावर शून्य मानतो आणि तिकिटाच्या खिडकीशी तीच मोठी करून बघतो.

त्याचा पुढचा प्रश्न तुमच्यापेक्षा अवघड होता. “मामा, दर आठवड्याला एक घेत राहिलं तर?” मग बसलो दोघं. पन्नास वर्षं म्हणजे २,६०० तिकिटं. एक कोटी चाळीस लाखांना २,६०० ने भागलं तर आयुष्यभरात एकदा लागण्याची शक्यता सुमारे ५,४०० त एक. त्याला हे बरं वाटलं, आकडा एकदम आटोक्यात आला ना! मग मी म्हटलं, आता रस्त्याचेही पन्नास वर्षं धर. ८,३०० भागिले ५०, म्हणजे १६६ त एक. वही मिटून तो म्हणाला, “म्हणजे हेल्मेटचे पैसे आधी काढा.” त्याच्या आईकडे अर्ज गेलाय, निकाल अजून लागायचा आहे.