132 रुपयांचा हिशेब

प्रतिक्रिया : “तुम्ही लिहिता, ओडीत, म्हणजे बँकेच्या ओव्हरड्राफ्टमध्ये, वापराल तेवढ्यावरच व्याज. माझी 5 लाखांची ओडी आहे, दर 12 टक्के. जूनमध्ये रोजचा गल्ला रोज भरला, तरी महिनाअखेर 4,800 कापले. म्हणजे बँक पूर्ण लिमिटवरच व्याज लावते. दुकान न चालवता लेख लिहिणं सोपं असतं.”

उत्तर :

भाऊ, दुकान मी चालवत नाही, हे खरं. पण मोंढ्यातल्या दुकानांच्या वह्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तुमचा 4,800 चा आकडा वाचून आधी कॅलक्युलेटर घेतला.

पूर्ण 5 लाखांवर जूनच्या 30 दिवसांचं 12 टक्क्यांनी व्याज 4,932 रुपये होतं. तुमचे गेले 4,800. मधले 132 रुपये सांगतात की बँकेने व्याज लिमिटवर धरलेलं नाही, रोजच्या बाकीवरच धरलंय. फक्त तुमची बाकीच खाली उतरली नाही. उलटा हिशेब केला तर महिनाभराची सरासरी 4 लाख 86 हजारांच्या पुढे निघते.

मग रोज भरलेला गल्ला गेला कुठे? बँकेचं कॉम्प्युटर दिवसातून एकदाच बघतं, दिवस बंद होताना. सकाळी 11 ला 25 हजार भरले आणि दुपारी 3 ला तेवढेच ठोकवाल्याला एनईएफटीने पाठवले, की रात्रीची बाकी कालचीच. मधले चार तास व्याजाच्या हिशेबात कुठेच नाहीत. तुमचं स्टेटमेंट मी पाहिलेलं नाही, पण बहुतेक असंच निघेल. जूनचा उतारा काढा आणि प्रत्येक तारखेची फक्त शेवटची ओळ पेन्सिलने खूण करा. अधल्यामधल्या ओळींकडे बघू नका, लोक तिथेच फसतात. खुणेच्या 30 बाक्यांची बेरीज करा (रविवारी व्यवहार नसेल तर शनिवारचीच बाकी पुन्हा धरायची), तिला 12 ने गुणा, 36,500 ने भागा. व्याज रुपया-दोन रुपयांच्या फरकाने जुळायला हवं. नाहीच जुळलं तर तो कागद घेऊन शाखेत जा, तेव्हा भांडायला जागा आहे.

तोंडी हिशेबाला एवढं लक्षात ठेवा : 12 टक्क्यांनी एक लाख एका रात्रीला 33 रुपये खातो.

आता तुमचेच 25 हजार घेऊ. समजा रविवारी रात्री बाकी 5 लाखांना टेकलेली आहे. सोमवारपासून रोज भरत गेलात आणि ठोकवाल्याला मधे काहीच दिलं नाही, तर रात्रीची बाकी 4.75, 4.50, 4.25, 4 आणि शुक्रवारी 3.75 लाख. शनिवारी सहा दिवसांचे दीड लाख एकदम दिले, की पुन्हा 5 लाख. या आठवड्यात 123 रुपये वाचले. तेच दीड लाख शनिवारऐवजी सोमवारी दिले तर शनिवार आणि रविवार, दोन्ही रात्री बाकी साडेतीन लाखांवर राहते आणि बचत होते 222 रुपये. महिन्याला साडेनऊशेच्या आसपास. विक्री तेवढीच, खरेदी तेवढीच.

अर्थात ठोकवाला आठवडाभर थांबायला हवा. रोखीवर तो अर्धा टक्का जरी सोडत असेल, तर मुकाट्याने रोज द्या. 25 हजारांवर अर्धा टक्का म्हणजे 125 रुपये, आणि तेच 25 हजार अख्खा आठवडा ओडीत बसून वाचवतात 58.

एक विचारतो, राग मानू नका. काउंटरवरच्या क्यूआर कोडचे पैसे कोणत्या खात्यात जमा होतात? आमच्याकडच्या एका कटलरीवाल्याचे ते बायकोच्या बचत खात्यात जात. तिथे सव्वा लाख पडून, अडीच-तीन टक्के मिळत होते. आणि शेजारच्या ओडीत तेवढ्याच रकमेवर हा माणूस 12 टक्के भरत होता. दुकानाच्या नावाने ओडीला क्यूआर जोडून घेतला, विषय संपला.

तुमची एक बाजू मात्र मान्य. महिनाअखेरचं व्याज खात्यातच नावे पडतं, हे माझ्या लेखात राहून गेलं. 30 तारखेला बाकी 4,98,000 असेल आणि वर 4,800 पडले, तर खातं लिमिटच्या बाहेर 2,800 ने जातं. त्यावर दंडाचा आकार वेगळा लागू शकतो, आणि ते व्याज भरलं नाही तर पुढच्या महिन्यात त्याच्यावरही व्याज. म्हणून शेवटच्या तारखेला व्याजापुरती जागा मोकळी ठेवा. नूतनीकरणाचा खर्च दरवर्षी लागतो तो वेगळाच.

एवढं करूनही बाकी वर्षभर 3 लाखांच्या खाली कधीच येत नसेल, तर ते 3 लाख मालात फिरत नाहीत. कदाचित फ्रीजमध्ये, रॅकमध्ये किंवा गावातल्या उधारीत अडकलेत. फ्रीज-रॅकमध्ये असतील तर तेवढ्यापुरतं मुदत कर्ज घेऊन हप्त्याने फेडलेलं बरं. उधारीत असतील, तर सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत ती कोणी फेडणार नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

उतारा काढलात की जूनच्या 30 बाक्या इथेच टाका, खाते क्रमांक झाकून. बेरीज मी करतो.