हजारावा भाग साजरा करायचाय? मग आधी मोजणं बंद करा

तुमची डेली सोप हजाराच्या जवळ आलीये आणि केकवर नेमका कुठला आकडा काढायचा हा प्रश्न पडलाय? अभिनंदन. पहिला सल्ला, कृपया मोजू नका. मोजणारी माणसं आनंदाच्या कार्यात नेहमी विघ्न आणतात, लग्नात ताटं मोजणाऱ्या काकांसारखी. आणि मोजायचंच असेल तर भाग मोजू नका, कॅलेंडर मोजा, भाग आपोआप वाढतात.

कसं ते सांगतो. एक मालिका घ्या, नाव काहीही ठेवा, सगळ्यांची सारखीच असतात. 7 जानेवारी 2019 ला सोमवारी सुरू झाली, सोमवार ते शनिवार, आठवड्याला सहा भाग. 166 आठवड्यांत 996 होतात, मग सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि गुरुवारी 17 मार्च 2022 ला हजार! त्या दिवशी नेमकी होळी. म्हणजे देवाच्याच मनात होतं बघा. बातमी सोडा, केक कापा, हिरोइनच्या डोळ्यात पाणी आणा, झालं.

आता कोणीतरी शहाणा विचारेल की मधे लॉकडाऊन होता ना? मार्च 2020 ला शूटिंग बंद पडलं, आपल्या मालिकेचा शेवटचा नवा भाग 28 मार्चला लागला आणि पुढचा एकदम 13 जुलैला. मधले 15 आठवडे जुनेच भाग परत दाखवले, म्हणजे 90 भाग नव्हतेच. याला उत्तर असं द्यायचं की लागलं ते लागलं, प्रेक्षकांनी बघितलं ना? शिळी भाकरी काय जेवणात धरत नाहीत का? पण हट्टाने ते 90 वजा केले तर होळीच्या दिवशी मालिका हजारावर नाही, 910 वर आहे, आणि खरा हजार 30 जूनला येतो, भर पावसात, तेव्हा कोण येणार हो पत्रकार.

घाबरू नका, त्यावर औषध आहे. रविवारचा महाएपिसोड. समजा तीन वर्षांत एक एक तासाचे दहा झाले. आता एक तासाचा म्हणजे एक भाग की दोन? इथे मात्र गंमत आहे, कारण दोन्ही उत्तरं कोणाच्या ना कोणाच्या कागदावर बरोबर असतात. निर्मात्याला पैसे भागामागे मिळतात, करारात भाग अर्ध्या तासाचा असेल तर तासाभराचं बिल दोन भागांचं जाणार, जायलाच पाहिजे, काम दुप्पट झालंय. प्रेक्षकाने मात्र एकदाच टायटल साँग ऐकलं आणि एकदाच शेवटी सासू दचकली, त्याच्यासाठी तो एकच. एक धरला तर हजार 18 जूनला, दोन धरले तर 7 जूनला. 18 जून म्हणजे आपला क्रांतिदिन, गोव्यात तरी हीच तारीख घ्यावी असं माझं प्रामाणिक मत. तर एकाच मालिकेचा हजारावा भाग चार वेगवेगळ्या तारखांना झाला आणि अजून आपण दुसऱ्या मालिकेबरोबरच्या महासंगमाला हातच लावला नाही, तो दोन तासांचा एकच भाग दोन्ही मालिका आपापल्या वहीत लिहितात.

आणि केक कुठल्याच तारखेला कापायचा नाही. शूटिंग प्रक्षेपणाच्या काही दिवस पुढे असतं, त्यामुळे सेटवर हजाराव्याचा क्लॅप पडतो तेव्हा टीव्हीवर अजून नऊशे नव्वद काहीतरी चालू असतं. फोटो त्या दिवशीच टाका. एका पेपरात आकडा छापून आला की दुसरा पेपर तोच उचलतो, तिसरा दोघांना साक्षीला ठेवतो, आणि मग तुम्हीच तिसऱ्याचं कात्रण दाखवून म्हणायचं, बघा, तीन ठिकाणी आलंय!

पडताळणीच्या नादाला मात्र लागू नका कारण ती फार सोपी आहे आणि तोच धोका आहे. चॅनेलकडे रोजचा प्रक्षेपणाचा लॉग असतो, कुठली फाईल किती वाजून किती सेकंदांनी लागली, कारण जाहिरातीची बिलं त्यावर निघतात, आणि पैशाच्या कागदात कोणी भावनिक होत नाही. तो लॉग तुम्हाला बघायला मिळत नाही ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. पण ॲप मिळतं. आपली मालिका काढा, रविवार बाजूला ठेवा, 28 मार्च 2020 च्या भागाचा नंबर बघा, 64 आठवडे म्हणजे 384 पाहिजे. मग 13 जुलैचा बघा. 385 असेल तर मोजणारा माणूस होता, 475 असेल तर मोजणारं कॅलेंडर होतं. दोन तारखा घ्यायच्या, नंबरांची वजाबाकी करायची, पहिली तारीख सोडून दुसरीपर्यंतचे नव्या भागांचे दिवस मोजायचे, फरक आला की उडी सापडली. ॲपवरही आंधळा विश्वास नको म्हणा, कुठे महाएपिसोडचे दोन तुकडे करून दोन नंबर दिलेले असतात, कुठे तो नंबराशिवाय वेगळाच टाकलेला असतो. म्हणून एकूण आकड्यापेक्षा उडी शोधणं जास्त खात्रीचं. हे वाचलंत तर लगेच विसरा.

गोव्याच्या कोकणी रंगभूमीवरच्या तियात्रवाल्यांकडून तर अजिबात शिकू नका. शंभरावा शो लावला की हॉलचं बुकिंग आहे, तिकिटं आहेत, मागच्या नव्याण्णव गावांतली माणसं आहेत, आमच्या गावात झालाच नाही म्हणून भांडायला कोणीतरी उभं राहतंच. नाटकाच्या प्रयोगाचंही तेच. मालिकेचं बरं आहे, सगळ्यांनी बघितलं आणि कोणीच मोजलं नाही.

कोणीच म्हणजे, फोंड्याची आमची मावशी सोडून. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, गॅसची तारीख असते आणि कोपऱ्यात मालिकेची बारीक रेघ. नवा भाग लागला की रेघ, जुना लागला की शून्य, रविवारी तासाचा असला तर रेघेला शेपूट. लॉकडाऊनचे तिचे तीन साडेतीन महिने शून्यांनी भरलेत. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात शूटिंग थांबलं आणि कित्येक मालिकांचं सगळं बिऱ्हाड गोव्यात आलं, मग मे मध्ये गोव्यानेही परवानगी काढून घेतली, तेव्हा मावशी रोज धसका घेऊन बसायची, आज रेघ की शून्य. आपल्या मालिकेचे भाग शिल्लक होते म्हणून रेघ चुकली नाही.

असा प्रेक्षक तुमच्या वाट्याला आला तर दोनच उपाय. एक, तिला सोहळ्याला बोलवू नका. दोन, तिच्या हिशोबातली चूक शोधा, आणि ती आहे! फोंड्यात वीज गेली की मावशीला भाग दिसत नाही, आणि न दिसलेल्याची ती रेघ मारत नाही. मी होळीला तिच्याकडे गेलो होतो तेव्हा हजाराव्या भागाची जाहिरात चालू होती. मी म्हटलं, "मावशी, हजार झाले गो!"

तिने चष्मा लावला, जुनी कॅलेंडरं काढली, खोबरं खवता खवता अर्धा तास मोजलं.

"आठशे सत्त्याण्णव," ती म्हणाली. "तेवीस वेळा वीज गेली. आणि बाकीचे ऐंशी कुठे गेले ते त्यांना विचार."