ऑफर लेटरमधले पन्नास हजार आणि खात्यात आलेले ३८,२८८ रुपये

गेली अठरा वर्षे मी महाप्याच्या एमआयडीसीतील एका कंपनीत एचआरचे काम करतो आणि त्या काळात काही शे ऑफर लेटर माझ्या सहीने गेली आहेत. तरीही या कागदात नेमके काय लिहायला हवे, हे मला नीट उमगले ते माझ्या भाच्याच्या पत्रावरून. ते पत्र आमच्या कंपनीचे नव्हते. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण अशा मसुद्याची पत्रे मी याच पट्ट्यातील अनेक ठिकाणची पाहिली आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात कळव्याला बहिणीच्या घरी त्याने ते दोन पानी पत्र माझ्यासमोर ठेवले. वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च, सहा लाख रुपये, प्रोबेशन सहा महिने, बाकी सर्व ‘कंपनीच्या धोरणानुसार’. “मामा, म्हणजे महिन्याला पन्नास हजार ना?” असे त्याने विचारले, तेव्हा मी वहीचे पान फाडून हिशोब मांडायला बसलो. पत्रात तपशील नव्हताच. तो त्याला फोन करून मागवावा लागला.

सहा लाखांपैकी बेसिक चाळीस टक्के, म्हणजे महिना २०,००० रुपये, आणि त्याच्या निम्मा एचआरए, म्हणजे १०,००० रुपये. येथपर्यंत कोणालाही समजते. पुढे मात्र ज्या रकमा सीटीसीत मोजल्या जातात पण महिन्याच्या पगारात येत नाहीत, त्या सुरू होतात. पीएफमधला कंपनीचा बारा टक्के वाटा वर्षाला २८,८०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ११,५४४ रुपये. हे बेसिकचे ४.८१ टक्के असतात, कारण महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन असा तो हिशोब आहे, आणि त्याच्यासारख्या कायम नोकरीत ती रक्कम साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. आरोग्य विम्याचा हप्ता ९,००० रुपये. व्हेरिएबल पे ६०,००० रुपये, तेही वर्षातून एकदा. हे सारे वजा करून जे उरते त्याला स्पेशल अलाउन्स म्हणतात आणि तो आला महिना १०,८८८ रुपये.

म्हणजे महिन्याचा एकूण पगार ४०,८८८ रुपये झाला. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये गेला की उरतात ३८,२८८ रुपये. त्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत प्राप्तिकर लागत नव्हता, म्हणून तेवढे तरी वाचले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने घराच्या कर्जाच्या हप्त्यातील जो भाग मुलाच्या पगारावर टाकायचे ठरवले होते, तो पन्नास हजार गृहीत धरून ठरवला होता.

यात कोणी खोटे बोलले होते का, तर नाही. पण जी एक रक्कम माणसाला खरोखर हवी असते, तीच पत्रात नव्हती. ‘कर प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून हातात येणारा आकडा लिहिता येत नाही’ ही सबब मीही अनेक वर्षे दिली आहे. ती पुरेशी नाही. करापूर्वीची रक्कम लिहावी, कोणत्या कपाती धरल्या ते एका ओळीत सांगावे, आणि व्हेरिएबलची रक्कम वेगळ्या रकान्यात मांडावी; एवढे कोणत्याही पेरोल सॉफ्टवेअरमधून दहा मिनिटांत निघते. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रम संहिता लागू होऊन वेतनाची व्याख्या बदलली, त्यामुळे बेसिक इतके कमी ठेवण्यात आता पूर्वीसारखा अर्थ उरलेला नाही. पण हातात येणारा आकडा न लिहिण्याची सवय त्याने आपोआप जाणार नाही.

पगाराचा हिशोब निदान आधी मांडता आला. प्रोबेशनचा घोळ त्याहून खोल होता, कारण तो एका कलमात नव्हता, तीन कलमांच्या भेटीत होता, आणि ती तिन्ही त्या दोन पानांत नव्हतीच. ३ जूनला रुजू होताना त्याच्यापुढे अकरा पानी अपॉइंटमेंट लेटर ठेवण्यात आले आणि दुपारपर्यंत सही करून द्या असे सांगण्यात आले. जुन्या नोकरीचा राजीनामा केव्हाच मंजूर झाला होता. त्या पत्राच्या शेवटी, आधीची सर्व पत्रे व बोलणी यापुढे रद्द समजावीत, असे वाक्य होते.

तिसऱ्या पानावर लिहिले होते की प्रोबेशन सहा महिन्यांचे असेल, ते कंपनीच्या मर्जीनुसार वाढवता येईल आणि लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच राहील. सातव्या पानावर, प्रोबेशनमध्ये कंपनीने पंधरा दिवसांची आणि कर्मचाऱ्याने साठ दिवसांची नोटीस द्यावी, असे होते. परिशिष्टात, व्हेरिएबल पे ३१ मार्च रोजी कन्फर्म असलेल्यांनाच देय राहील, असे होते. सुटे वाचले तर प्रत्येक वाक्य नेहमीचेच वाटते.

२ डिसेंबरला सहा महिने संपले. पत्र आले नाही. मॅनेजर म्हणाले, काम उत्तम आहे, काळजी करू नकोस. कन्फर्मेशनचे पत्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आले आणि ते त्याच तारखेपासून लागू होते. दहा महिन्यांच्या कामाचे सुमारे पन्नास हजार रुपये व्हेरिएबल गेले, कामात काही उणीव होती म्हणून नव्हे, तर एक कागद चार महिने कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिला म्हणून. मुदत उलटली म्हणजे आपण आपोआप कायम झालो, असे अनेकांना वाटते. लेखी आदेशाची अट स्पष्ट असेल तर केवळ दिवस भरल्याने तसे होत नाही, आणि ‘मर्जीनुसार वाढवता येईल’ या शब्दांना वरची मर्यादाच नसते.

त्यानंतर मी आमच्या मसुद्यातील हे कलम बदलून घेतले. आता ते असे आहे: “प्रोबेशन रुजू झाल्याच्या तारखेपासून सहा महिने राहील. ते एकदाच, जास्तीत जास्त तीन महिन्यांनी, मुदत संपण्यापूर्वी किमान सात दिवस कारणासह लेखी कळवून वाढवता येईल. असे न कळवल्यास पुढील दिवसापासून कर्मचारी कायम समजला जाईल. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंची नोटीस तीस दिवसांची राहील.” आमच्या संचालकांचा आक्षेप होता की विसरलो तर नको असलेला माणूस कायम होईल. माझे म्हणणे इतकेच होते की विसरण्याची किंमत विसरणाऱ्याने द्यावी. आणि तारखेची आठवण कॅलेंडरमध्ये लावणे हे आमचे काम आहे, त्या मुलाचे नाही.

कामाच्या स्वरूपाबद्दलही हेच. ‘व वेळोवेळी सोपवण्यात येणारी अन्य कामे’ हे शब्द राहू द्यावेत, पण पद, कोणाच्या हाताखाली, कोणत्या कार्यालयात आणि रात्रपाळी आहे की नाही, हे त्याआधी लिहिलेले असावे. ऐरोली आणि तळोजा दोन्ही नवी मुंबईच म्हणवतात. कळव्याहून रोज जाणाऱ्याला त्या दोन्हींतला फरक विचारा.

यंदा भाच्याला घणसोलीच्या एका कंपनीतून बोलावणे आले. या वेळी राजीनामा देण्यापूर्वी त्याने ईमेल करून अपॉइंटमेंट लेटरचा पूर्ण मसुदा मागितला आणि दोन प्रश्न विचारले: पहिल्या पूर्ण महिन्यात करापूर्वी खात्यात किती रुपये जमा होतील, आणि सहा महिन्यांनंतर कंपनीने काहीच कळवले नाही तर माझी स्थिती काय असेल. तिसऱ्या दिवशी आकड्यांच्या तक्त्यासह उत्तर आले. व्हेरिएबलच्या ओळीतील ‘कन्फर्म असलेल्या’ हे शब्द काढून ‘सेवेत असलेल्या’ असे केले होते. त्या ईमेलची प्रत छापून ठेवली आणि मग त्याने राजीनामा दिला.