तंगडी दोनदा तळायची की एकदा?

बाळ्या परवाच्या फजितीवरून अजून घुश्शात होता. तंगड्या बाहेरून करपायला आल्या, आणि दात लावला तर हाडापाशी मांस कच्चं, लिबलिबीत.

"तेल चांगलं कडकडीत तापवून सोडल्या होत्या रे!"

"तिथेच माती खाल्लीस," अण्णा म्हणाला. "आवरणाला रंग चढायला चार-पाच मिनिटं पुरतात. उष्णता हाडापर्यंत पोचायला दहा-बारा लागतात. तेल जास्त तापवलंस म्हणून आतलं काही त्या हिशेबात लवकर शिजत नाही, बाहेरचं मात्र जळतं."

"मग मंद आचेवर एकदाच तळतो."

"तळ की. आवरण तेल पिऊन मऊ पडेल."

अण्णाची रीत अशी: तंगड्या फ्रीजमधून अर्धा तास आधी काढायच्या. तेल १५५ ते १६० अंशांवर आणून एका वेळी तीन-चारच सोडायच्या, कारण कढई भरली की तेल झटकन थंड होतं. नऊ-दहा मिनिटांनी त्या फिकट सोनेरी दिसतात, बुडबुडे बारीक होतात आणि चरचर मंदावते. मग जाळीवर काढून सात-आठ मिनिटं ठेवायच्या. पुन्हा तेल १९० वर नेऊन दीड-दोन मिनिटं तळायच्या.

"मधे बसवून कशाला ठेवायच्या? वेळ घालवायला?" नान्याने मुद्द्याचं विचारलं.

"आतली वाफ बाहेर येते आणि आवरण मऊ पडतं. हात लावून बघ, दमट लागतं. दुसऱ्या फेरीत तेच पाणी उडतं, म्हणून आवरण कुरकुरीत होतं. शिवाय बाहेरची उष्णता तेवढ्या वेळात आत सरकते. आणि ताटात नको ठेवूस, खालची बाजू वाफेने भिजते."

नान्या म्हणाला, "मग पहिल्या फेरीत अर्धवट काढू, उरलेलं दुसरीत शिजेल."

इथे दोघांचं चांगलंच जुंपलं. मला अण्णाचंच पटतं. दोन मिनिटांत हाडाजवळ काहीच शिजत नाही, त्यामुळे दुसरी फेरी फक्त रंगासाठी आणि कुरकुरीतपणासाठी. अर्धकच्चे तुकडे तासन्‌तास बाहेर ठेवून पाहुणे आल्यावर तळणं तर धोक्याचंच, कोमट मांसात जंतू भराभर वाढतात. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. ७४ अंश भरले की खाण्यालायक. तंगडी मात्र ८० च्या पुढे गेली की जास्त मऊ लागते.

"पण हाडाशी लालसर दिसलं तर?" बाळ्या.

"कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपतो, ७४ भरल्यावरही दिसतो. रंगाला भुलू नकोस, आकडा बघ."

"आणि बोनलेस?"

"बोटाएवढ्या पट्ट्या असतील तर १७५ वर एकदाच चार-पाच मिनिटं. दोनदा तळशील तर लाकूड चावशील."

बाळ्या म्हणाला, "आधी थर्मामीटर आणतो." नान्याने लगेच विचारलं, "किती तंगड्या करणार आहेस?"