पृथ्वी तराजूत ठेवायची गरज नव्हती

"पृथ्वीला तराजूत कोणी ठेवलं होतं? ६ वर २४ शून्यं हा आकडा हवेतला आहे. एका इंग्रजाने गोळे टांगले, वाऱ्याने दांडी हलली, त्यालाच गुरुत्वाकर्षण म्हटलं. गोळे खरंच ओढत असते तर घरातल्या वस्तू एकमेकींना चिकटल्या असत्या. पृथ्वी आतून पोकळ आहे, हे लपवलं जातं. पुढे पाठवा."

हा मेसेज माझ्या भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर आला. ती दहावीत आहे, विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तिने फोन करून विचारलं, "मामा, मग पुस्तकातलं खोटं का?" मोठ्या माणसांनी न वाचता पुढे ढकललेल्या मजकुरामुळे मुलांनी पुस्तकावर शंका घ्यावी, याचा मला राग आला. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वाऱ्याचं बघू. प्रयोग हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाचा, १७९७-९८ मधला, लंडनजवळच्या क्लॅपममधल्या त्याच्या घराच्या आवारातला. उपकरणाची कल्पना जॉन मिशेल या दुसऱ्या इंग्रज शास्त्रज्ञाची, पण तो आधीच वारला. सुमारे ६ फुटांची लाकडी दांडी बारीक तारेवर आडवी टांगलेली, तिच्या दोन टोकांना पाऊण किलोहून किंचित कमी वजनाचे दोन छोटे गोळे, आणि त्यांच्याजवळ आणायचे शिशाचे दोन मोठे गोळे, प्रत्येकी १५८ किलोंचे. कॅव्हेंडिशचा १७९८ चा रॉयल सोसायटीतला लेख वाचला, तर वाऱ्याची भीती त्याला सगळ्यात जास्त होती हे कळतं. दांडी लाकडी पेटीत बंद, पेटी बंद खोलीत, आणि तो स्वतः बाहेर. भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने मोजपट्टी वाचायची, मोठे गोळेही बाहेरूनच दोरीने फिरवायचे. गोळे एका बाजूला आणले की दांडी तारेला पीळ देत तिकडे झुके, दुसऱ्या बाजूला नेले की उलट झुके. गोळे कुठे आहेत हे बघून वारा दिशा बदलत नाही. त्याने मोठे गोळे मुद्दाम दिव्यांनी तापवूनही पाहिले, म्हणजे उष्णतेने उठलेला झोत किती फसवतो ते कळावं. चुंबकत्वाची शंका आली म्हणून गोळे टांगायच्या लोखंडी सळया काढून तांब्याच्या बसवल्या. पुढे जास्त ताठ तार लावली. दांडी कमी झुकली, उत्तर मात्र जवळपास तेच आलं.

तारेचा ताठपणा त्याने झोक्यावरून काढला. पहिल्या तारेवर दांडीला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलायला सुमारे पंधरा मिनिटं लागत, ताठ तारेवर सुमारे सात. ताठपणा कळला की दांडी किती सरकली यावरून ओढ किती, हे निघतं.

आता भाचीला वहीत मांडून दाखवलेला हिशोब, आजच्या आकड्यांनी. मोठा गोळा छोट्या गोळ्याला साडेबावीस सेंटीमीटरवरून ओढतो, तेव्हा ती ओढ छोट्याच्या वजनाच्या सुमारे ४ कोटी ७० लाखांवा भाग असते. पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटरवर, म्हणजे २ कोटी ८३ लाख पट लांब. अंतराच्या वर्गाने ओढ घटते, म्हणजे तेवढ्या लांबून ती ८ वर १४ शून्यं इतक्या पटीने कमी व्हायला हवी होती. तरीही पृथ्वी ४ कोटी ७० लाख पट जास्त ओढते. मग १५८ किलोंना या दोन्ही आकड्यांनी गुणा. उत्तर ६ वर २४ शून्यं, किलोमध्ये. वस्तू चिकटत का नाहीत, तेही यातच आलं: वजनाच्या कोट्यांश ओढीपुढे टेबलाचं घर्षण कितीतरी मोठं असतं.

एक मान्य करावं लागेल. पृथ्वीचं "वजन" हा शब्द ढिला आहे, मोजलं जातं ते वस्तुमान. आणि कॅव्हेंडिशने किलोतला आकडा दिलाच नाही, त्याने सरासरी घनता काढली: पाण्याच्या ५.४८ पट. त्यातही सरासरी काढताना ४.८८ ऐवजी ५.८८ धरण्याची चूक झाली होती. ती सुधारली तर ५.४५ येतात. आजचा आकडा ५.५१. म्हणजे चुकीसकट तो एका टक्क्याच्या आत होता.

पोकळ पृथ्वीचा निकाल याच आकड्याने लागतो. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्याच्या साधारण तिप्पट जड, ग्रॅनाइट त्याहून हलका. पूर्ण पृथ्वीची सरासरी साडेपाच येते, तर आत पृष्ठभागापेक्षा बरंच जड काहीतरी हवंच, आणि ते मुख्यतः लोखंड आहे. निम्म्या त्रिज्येपर्यंत पोकळी धरली, तर उरलेल्या कवचाची घनता ६.३ लागेल, सह्याद्रीच्या दगडाच्या दुप्पट. पोकळी जितकी मोठी, तितकं कवच जड. भाचीला सांगितलं, मेसेज पाठवणाऱ्या काकांना विचार, हे कवच कोणत्या दगडाचं?